मोठी चूक तुमचीच असेल तर: मॅनेजरला कधी, काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचं

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका क्वेरीने 2,554 ग्राहकांना भलताच डिस्काउंट लावून ठेवला होता. कंपनी महिन्याच्या वर्गणीवर एक सेवा विकायची. माझ्याकडे आलेलं तिकीट साधं होतं: बेसिक प्लॅनवरचे ग्राहक, मग ते पैसे भरणारे असोत वा चाचणी मुदतीतले, त्यांना 20 टक्के डिस्काउंट लावा. असे ग्राहक 412 आहेत, हेही तिकिटात लिहिलेलं होतं. मी थेट लाइव्ह डेटाबेसवर हे चालवलं:

```sql
UPDATE subscriptions SET discount = 20
WHERE plan = 'basic' AND status = 'active'
   OR status = 'trial';
```

एसक्यूएलमध्ये कंस दिला नाही तर `AND` आधी जोडला जातो, `OR` नंतर. त्यामुळे डेटाबेसने याचा अर्थ लावला तो असा: बेसिकचे पैसे भरणारे ग्राहक, किंवा कुठल्याही प्लॅनचे चाचणी मुदतीतले सगळे. स्क्रीनवर `UPDATE 2966` असं उमटलं. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, पण तिकिटातल्या 412 शी मी तो ताडून पाहिला नाही. वेळ 11:20. मी तिकीट बंद केलं आणि दुसरं काम घेतलं.

12:25 ला सपोर्टमधल्या सहकारी मैत्रिणीने विचारलं, "अगं, प्रीमियमच्या ग्राहकाचं पहिलंच बिल 20 टक्के कमी कसं गेलं?" तेव्हा पोटात गोळा आला. बिलं दर तासाच्या ठोक्याला आपोआप निघायची. 12 चा रन होऊन गेला होता, पुढचा 1 वाजता होता. मॅनेजरना मी सांगितलं 12:41 ला, म्हणजे मधली 16 मिनिटं माझ्या हातून गेली. ती कशात गेली आणि त्यांत काय करायला हवं होतं, तिथूनच सुरुवात करते.

पहिली पाच मिनिटं: कशाला हात लावायचा, कशाला नाही

चूक लक्षात आल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: नुकसान अजून वाढतंय का? वाढत असेल आणि ते थांबवणं तुमच्या अधिकारात असेल, आणि थांबवलेलं पुन्हा सुरू करता येण्यासारखं असेल, तर आधी थांबवा. चालू काम पॉज करणं, शेड्यूल केलेला ईमेल रोखणं, शेअर केलेल्या फाइलचा अॅक्सेस काढून घेणं ही त्यातली कामं. यापलीकडचं काहीही करण्याआधी फोन उचला.

माझ्याकडे बिलांचा रन थांबवण्याचा अधिकार नव्हता. तो ऑपरेशन्सच्या टीमकडे होता आणि त्यांना त्यासाठी दहाएक मिनिटं लागायची. म्हणजे 12:27 लाच मी मॅनेजरकडे जायला हवं होतं. मी काय केलं? उलटी क्वेरी लिहायला बसले. कुणाला कळायच्या आत सगळं जागच्या जागी नेऊन ठेवू आणि मग सांगू, असा विचार होता. नवख्या माणसाच्या मनात पहिल्यांदा हाच विचार येतो आणि सगळ्यात जास्त नुकसान यातूनच होतं, म्हणून ती क्वेरी चालवली असती तर काय झालं असतं ते नीट सांगते.

मी लिहीत होते ती क्वेरी सगळ्या जादाच्या रेकॉर्डवर डिस्काउंट पुन्हा शून्य करणारी होती. पण त्यांतल्या काही ग्राहकांना सेल्सने आधीच 10 किंवा 15 टक्के कबूल केले होते. माझ्या पहिल्या क्वेरीने ते आकडे पुसले होते, दुसरीने त्यांचा मागही पुसला असता. शिवाय 12 च्या रनमध्ये ज्यांची चाचणी मुदत संपली होती, त्यांचं स्टेटस `trial` वरून `active` झालं होतं, म्हणजे `status = 'trial'` म्हणून शोधलं तर नेमके चुकीचं बिल गेलेले ग्राहकच यादीतून निसटले असते. आणि तिसरं म्हणजे, एका आदेशात बदललेल्या सगळ्या रेकॉर्डच्या `updated_at` वर 11:20 ची एकच वेळ पडली होती. कुठे कुठे हात लागलाय ते ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण होती. दुसरी क्वेरी चालवताच ती वेळ बदलली असती. पडताळणी करताना एका जुन्या नोंदीत 10 चा आकडा दिसला, शंका आली आणि मी हात आखडता घेतला. नाहीतर मॅनेजरना एकाऐवजी दोन चुका सांगाव्या लागल्या असत्या.

म्हणून थांबवण्याखेरीज या पाच मिनिटांत एवढंच करा: चालवलेला आदेश आणि त्याचं आउटपुट जसंच्या तसं एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा, काय किती वाजता केलं ते लिहा, उघडी विंडो बंद करू नका. काहीही डिलीट करू नका, अगदी स्वतःची अर्धवट लिहिलेली क्वेरीसुद्धा. पुढे दुरुस्ती करणाऱ्याला हेच लागतं.

फोनवरचं पहिलं वाक्य

तातडीची चूक चॅटवर टाकून वाट बघत बसू नका. समोर जा किंवा फोन करा. मॅनेजर मीटिंगमध्ये असतील तर दार वाजवा. नुकसान अजून चालू असेल तर मीटिंगमधून बाहेर बोलावल्याबद्दल कुणी रागावत नाही.

पहिल्या वाक्यात पुढचा धोका आणि तुम्हाला काय हवंय हे दोन्ही आलं पाहिजे. मी साधारण असं बोलले: "सर, 1 चा बिलांचा रन लगेच थांबवायला हवा. मी सकाळी डिस्काउंट चुकीच्या ग्राहकांना लावलाय, जवळजवळ अडीच हजार जणांना. ऑपरेशन्सला तुम्ही सांगाल का?" सरांनी एकच विचारलं, "12 चा गेला?" मी म्हटलं, "गेला. किती बिलं चुकीची गेली ते दहा मिनिटांत सांगते." ते फोन लावायला उठले. 12:52 ला रन थांबला.

क्रम लक्षात घ्या. आधी काय करायला हवं, मग काय झालं, मग किती. तिकिटापासून सुरुवात करून, कंस कसा राहिला, कुणी काय सांगितलं होतं, असं क्रमाने सांगत गेलात तर ऐकणाऱ्याला निर्णय घ्यायची वेळ कळायलाच तीन मिनिटं जातात. माफी एका वाक्यात मागा आणि ती शेवटी मागा. आधीच मागत बसलात तर समोरच्याला तुमची समजूत काढावी लागते आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

इथे आपल्या भाषेची एक सवय सांभाळावी लागते. मराठीत कर्त्याला वाक्यातून अगदी सहज बाहेर काढता येतं. "डिस्काउंट लावला गेलाय", "क्वेरीत थोडा प्रॉब्लेम झाला", "डेटा बदललेला दिसतोय". यांतलं एकही वाक्य खोटं नाही, पण ऐकणाऱ्याला हे सिस्टीमने केलं की माणसाने, एकदा झालं की अजून होतंय, हे कळत नाही. मग तो सर्व्हर तपासायला माणसं लावतो. "मी 11:20 ला ही क्वेरी चालवली" असं म्हटलं की शोध तिथेच संपतो. "आमच्याकडून" हा शब्दही तसाच. क्वेरी मी एकटीने चालवली होती आणि "आमच्याकडून" म्हटलं असतं तर शेजारी बसणारा सहकारी विनाकारण त्यात आला असता. पण याचा अर्थ दुसऱ्या टोकाला जायचं असाही नाही. "मी फारच निष्काळजी आहे" या वाक्याने दुरुस्तीला काडीचीही मदत होत नाही. क्रियापद नेमकं ठेवा: चालवली, पाठवला, डिलीट केलं, तपासलं नाही.

लेखी निवेदन: पहिल्या अर्ध्या तासात

बोलणं झालं की लगेच लिहून द्या. मॅनेजरना तेच वरच्यांना, सेल्सला, सपोर्टला पाठवायचं असतं. तुम्ही लिहिलं नाहीत तर ते आठवेल तसं सांगतील आणि तिसऱ्या माणसापर्यंत आकडे बदललेले असतील. मी 12:58 ला पाठवलेला मजकूर जवळजवळ असा होता:

> चुकीचा डिस्काउंट: 1 चा बिलांचा रन थांबवला आहे (12:58 ची स्थिती)
>
> काय झालं: 11:20 ला मी चालवलेल्या क्वेरीत कंस राहिला. 412 ऐवजी 2,966 ग्राहकांना 20 टक्के डिस्काउंट लागला. क्वेरी आणि आउटपुट सोबत जोडलं आहे.
>
> परिणाम, खात्रीचा: 2,554 ग्राहकांचे रेकॉर्ड चुकीचे आहेत. 12 च्या रनमध्ये त्यांतल्या 37 जणांना कमी रकमेची बिलं गेली. यादी जोडली आहे.
>
> अजून माहीत नाही: किती जणांचा आधीचा, सेल्सने दिलेला डिस्काउंट पुसला गेला. काही जणांचा गेला आहे हे नक्की.
>
> सध्या चालू: बिलांचे रन ऑपरेशन्सने थांबवले आहेत. पहाटे 2 चा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उघडायला घेतला आहे, जुने आकडे त्यावरून काढणार. लाइव्ह डेटाबेसला कुणीही हात लावलेला नाही.
>
> निर्णय हवा: गेलेल्या 37 बिलांचं काय करायचं. सपोर्टने ग्राहकांना तोवर काय सांगायचं.
>
> पुढची माहिती 14:00 ला देते, बॅकअप उघडला नसला तरी.

शेवटची ओळ मी सरांकडून शिकले. पुढची वेळ दिलीत की माणसं दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारायला येत नाहीत, आणि दिलेल्या वेळेला काहीच प्रगती नसेल तर तेही एका ओळीत कळवायचं असतं.

यात भविष्यात काय करू, हे नाही. पहिल्या निवेदनात ते नकोच. रन थांबलेला असताना कुणालाही तुमच्या नव्या सवयींत रस नसतो.

परिणाम सांगताना

नवखी माणसं इथे दोन प्रकारे घसरतात. एक तर आकडा धूसर ठेवतात, "काही ग्राहकांना थोडा इश्यू आलाय". नाहीतर अंदाज पक्क्यासारखा सांगून मोकळे होतात. दुसरं जास्त महागात पडतं, कारण मॅनेजर तो आकडा पुढे सांगतात आणि दोन तासांनी तो तिप्पट झाला की त्यांचा शब्द खोटा पडतो. म्हणून प्रत्येक आकड्याला "खात्रीचा", "अंदाज" किंवा "अजून माहीत नाही" यांपैकी एक खूण लावा. अंदाज देताना कशावरून काढला ते सांगा.

आणि परिणाम त्या त्या माणसाच्या बाजूने मोजा. "2,554 रेकॉर्ड बदलले" ही डेटाबेसची भाषा झाली. "37 जणांच्या हातात चुकीचं बिल पडलंय" यावरून सपोर्टला कळतं की कुणाचे फोन येणार आहेत.

एका प्रकारच्या चुकीत "आधी नीट तपासते, मग सांगते" हा मार्ग अजिबात नाही. चुकीच्या माणसाला ग्राहकांची यादी गेली, एखादा पासवर्ड किंवा खासगी फाइल उघड्यावर पडली, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती बाहेर गेली, तर कंपनीवर कायद्याची मुदत येऊ शकते. युरोपच्या जीडीपीआर कायद्यात अशी घटना कळल्यापासून शक्यतो 72 तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं. ती कळवण्याजोगी आहे की नाही हे ठरवणं तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम नाही. शंका आली त्या क्षणी सांगा आणि शंका म्हणूनच सांगा.

दुरुस्ती चालू आहे, हे कसं सांगायचं

"बॅकअप आहे" हे वाक्य बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय उच्चारू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचंच डेटाचं फोल्डर पुसलं. मग परत आणायला गेले तेव्हा नेहमीचे बॅकअप उपयोगी पडले नाहीत. सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून ते वाचले, आणि मधल्या सहाएक तासांचा डेटा गेला तो गेलाच. ही सगळी माहिती त्यांनी स्वतःच जाहीर केली होती. म्हणून माझ्या निवेदनात "बॅकअपवरून परत आणू" असं नसून "बॅकअप उघडायला घेतला आहे" एवढंच होतं.

14:00 च्या माहितीत चित्र स्पष्ट झालं. बॅकअप नीट उघडला होता. 2,554 पैकी 188 ग्राहकांना आधीपासून वेगळा डिस्काउंट होता. पण बॅकअप पहाटे 2 चा आणि चूक 11:20 ची. मधल्या नऊ तासांत सेल्सने आणखी 6 जणांचे डिस्काउंट बदलले होते. ते ऑडिट लॉगमधून एकेक करून काढावे लागले. बॅकअपवरचे आकडे आंधळेपणाने चढवले असते तर या सहांचं पुन्हा चुकलं असतं. बॅकअप आणि चूक यांच्यामध्ये काय काय घडलं हा प्रश्न दुरुस्तीच्या प्रत्येक योजनेत विचारावा लागतो.

दुरुस्तीची क्वेरी मी लिहिली, पण लाइव्ह डेटाबेसवर ती मी चालवली नाही. आधी चाचणीच्या प्रतीवर चालवून 2,554 हाच आकडा येतो का पाहिलं, मग वरिष्ठ सहकाऱ्याने ती वाचली आणि त्याच्या हाताने चालवली. हे मीच सुचवलं होतं. तुमच्या हातून नुकतीच चूक झालेली असते, हात थरथरत असतात, आणि "मीच बिघडवलं, मीच नीट करीन" ही जिद्द त्या वेळी धोक्याची असते. 15:30 ला आकडे जागेवर आले, 16:00 चा रन सुरू केला आणि त्यातली बिलं बाहेर सोडण्याआधी आम्ही दोघांनी डोळ्यांखालून घातली.

मॅनेजर चिडले तर? चिडू शकतात. माझे सर संध्याकाळी म्हणाले, "12:25 ला कळलं आणि 12:41 ला सांगितलंस. मधे काय करत होतीस?" मी खरं ते सांगितलं, की स्वतःच दुरुस्त करायचा प्रयत्न करत होते. बोलणी खाल्ली. ती 16 मिनिटं लपवली असती तर वेळांच्या नोंदीत ती दिसलीच असती.

पुन्हा होऊ नये म्हणून: "यापुढे काळजी घेईन" हे उत्तर नाही

ही योजना दोन-तीन दिवसांनी, डोकं शांत झाल्यावर द्या. लिहिताना प्रत्येक ओळीला विचारा: मी दमलेली असताना, घाईत असताना, किंवा माझ्या जागी उद्या नवीन माणूस आल्यावरही हे लागू पडेल का? "काळजी घेईन" इथेच गळतं. काळजी तर मी त्या दिवशीही घेतच होते.

28 फेब्रुवारी 2017 ला अॅमेझॉनच्या एस3 या साठवण सेवेत एका कर्मचाऱ्याने आदेशातला एक भाग चुकीचा दिला आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. अनेक वेबसाइट काही तास अडकल्या. नंतर कंपनीने जाहीर केलेल्या उपायांत मुख्य बदल त्या टूलमध्ये होता: यापुढे सर्व्हर हळूहळूच निघतील, आणि ठरावीक किमान संख्येच्या खाली जाणारा आदेश टूल स्वतःच अडवेल. चुकीचा आकडा उद्याही कुणीतरी टाइप करेल हे त्यात धरलेलंच आहे.

तोच धडा घेऊन मी तीन गोष्टी मांडल्या. पहिली, लाइव्ह डेटाबेसवरचा प्रत्येक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करायचा आणि तिकिटातला आकडा जुळल्यावरच पक्का करायचा:

```sql
BEGIN;
UPDATE subscriptions SET discount = 20
WHERE plan = 'basic'
  AND (status = 'active' OR status = 'trial');
-- 412 ? जुळला तरच पुढची ओळ चालवा
COMMIT;
```

आकडा जुळला नाही तर शेवटी `ROLLBACK;`, आणि काहीच झालेलं नसतं. याला एक मर्यादा आहे. `BEGIN` नंतर ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून विचार करत बसलं तर ते रेकॉर्ड अडकून राहतात आणि दुसऱ्यांची कामं खोळंबतात. म्हणून मोजणी आधीच `SELECT count(*)` ने करून ठेवायची.

पण हीसुद्धा शेवटी माणसाने पाळायची सवयच, म्हणून दुसरी गोष्ट: लाइव्हवर लिहिण्याचा अधिकार नेहमीच्या लॉगिनमधून काढून टाकायचा आणि दुसऱ्याने तिकिटात क्वेरी मंजूर केल्यावरच तो तेवढ्यापुरता मिळायचा. तिसरी गोष्ट बिलांच्या बाजूची: डिस्काउंट असलेल्या बिलांची संख्या नेहमीपेक्षा फार वाढली तर रनने आपणहून थांबावं आणि माणसाला विचारावं. यामुळे माझ्यासारखी चूक घडली तरी ती ग्राहकापर्यंत पोचायच्या आधी अडली असती.

प्रत्येकापुढे नाव आणि तारीख होती. पहिली माझी, त्याच आठवड्यात. दुसरी ऑपरेशन्सची, दोन आठवड्यांत. तिसरी बिलिंग टीमची, आणि त्यांनी महिना मागितला. दुसऱ्याच्या टीमचं काम तुमच्या योजनेत लिहिण्याआधी त्यांच्याशी बोला. न विचारता लिहिलं तर ते आरोपासारखं वाचलं जातं.

राहिली ती 37 बिलं. ती दुरुस्त करून उरलेली रक्कम मागायची की सोडून द्यायची हा निर्णय माझा नव्हता, म्हणून मी दोन्ही पर्याय त्यांच्या एकूण रकमेसह सरांपुढे ठेवले. सेल्सशी बोलून त्यांनी ठरवलं की पहिल्या बिलापुरती सूट राहू द्यायची आणि दुसऱ्या बिलापासून पूर्ण रक्कम येईल असा ईमेल आधीच पाठवायचा. ईमेलचा मसुदा मी लिहिला, सपोर्टने त्यातली दोन वाक्यं बदलली. पुढच्या महिन्यात त्या 37 जणांची दुसरी बिलं बरोबर निघाली हे तपासून मी सरांना एक ओळ पाठवली आणि मगच ते तिकीट बंद केलं.